कर्तव्य, भंग, नुकसान: स्लाइड सोपी करून

प्रश्न: अपकृत्य कायद्याच्या स्लाइडवर निष्काळजीपणाचे तीन घटक आहेत. अपघाताच्या उदाहरणाने कुणी समजावेल का?

समजा, सोलापुरात सात रस्त्यावर एका रिक्षावाल्याने लाल सिग्नल तोडला आणि स्कूटरवाल्याला धडक दिली. त्याचा पाय मोडला.

कर्तव्य इथे सहज सिद्ध होतं: रस्त्यावर वाहन चालवणाऱ्याने इतरांना इजा होणार नाही एवढी काळजी घ्यायलाच हवी. भंग ठरवताना त्याच्या मनात काय होतं हे बघत नाहीत. सावध चालक तिथे कसा वागला असता, हे बघतात. तो सिग्नलला थांबला असता.

मुलं अडकतात ती नुकसानापाशी. तोच सिग्नल तोडला, पण कुणालाच धक्का लागला नाही, तर पोलीस दंड करतील. भरपाईचा दावा मात्र उभा राहत नाही. शिवाय नुकसान त्या भंगामुळेच झालेलं हवं. स्लाइडवर हा दुवा बहुतेक वेळा वेगळा लिहिलेला नसतो, म्हणून तो उत्तरात तुम्ही आवर्जून लिहा. स्कूटरवाल्याने हेल्मेट घातलं नव्हतं, असा बचाव रिक्षावाला करेल. पण मोडलाय पाय, आणि हेल्मेट पाय वाचवत नाही. डोक्याला मार असता, तर त्याच मुद्द्यावर भरपाई कमी होण्याचा प्रश्न आला असता.