आमच्या मजल्यावर एक गुजराती, एक पंजाबी आणि एक कन्नड कुटुंब आहे, तिन्ही घरांत वयस्कर माणसं. मी नुकतीच राहायला आलेय. त्यांना त्यांच्या भाषेत आदराने नमस्कार कसा करू?

हात जोडून ‘नमस्ते’ किंवा ‘नमस्कार’ तिन्ही दारांत चालतं. खरी गोम पुढच्या वाक्यात आहे, कारण तिथे क्रियापद एकेरी गेलं की पंचाईत.

गुजराती आजींना ‘केम छो, बा?’ विचारा. ‘केम छे?’ हे बरोबरीच्यांना किंवा लहानांना. निघताना ‘आवजो’, ‘आवजे’ नाही. आजोबांना ‘दादा’, त्याहून लहान असतील तर काका आणि मासी. वैष्णव घरात ‘जय श्रीकृष्ण’, जैन घरात ‘जय जिनेंद्र’, स्वामिनारायण संप्रदायात ‘जय स्वामिनारायण’ म्हणतात. आडनावावरून अंदाज बांधू नका. ते जे म्हणतील तेच परत म्हणा.

पंजाबी घर शीख असेल तर ‘सत् श्री अकाल जी’. बोलताना ते ‘सस्रीकाल’सारखं ऐकू येतं, पण तुम्ही सावकाश पूर्ण म्हणा. हिंदू पंजाबी असतील तर ‘नमस्ते जी’, किंवा जवळीक झाल्यावर ‘पैरीं पैना जी’, म्हणजे पाया पडते. मात्र बऱ्याच पंजाबी घरांत मुलींना पाया पडू देत नाहीत. त्यांनी मध्येच हात धरला तर वाईट वाटून घेऊ नका. उत्तरात ‘पुत्त’ म्हणतील. मुलींनाही तेच म्हणतात. खुशाली विचारायची तर ‘तुसीं ठीक हो जी?’. इथे ‘तूं’ नको.

कन्नडमध्ये जरा जास्त लक्ष द्या. बंगळूर-म्हैसूरकडचे असतील तर ‘नमस्कार अज्जी, चेन्नागिद्दीरा?’. शेवटचा ‘रा’ महत्त्वाचा, कारण ‘चेन्नागिद्दीया?’ हे एकेरी झालं. धारवाड-बेळगावकडचे असतील तर ‘नमस्कार री, आराम इद्दीरेन्री?’. तिकडे आदर त्या ‘री’मध्येच असतो. सोलापूर-कोल्हापूरकडच्या कुणाला विचारलंत तर चाल लगेच कळेल. आजोबांना उत्तरेकडे ‘अज्जा’, म्हैसूरकडे ‘ताता’. नुसत्या नावाने हाक मारू नका. नाव घ्यायचंच तर मागे ‘अवरे’ जोडा.

आजी बहुतेक तुम्हालाच विचारतील, ‘ऊटा आय्ता?’, म्हणजे जेवण झालं का. हे ख्यालीखुशालीचं विचारणं आहे, आमंत्रण समजू नका. ‘आय्तु, निम्मदु?’ म्हणा, म्हणजे झालं, तुमचं? ‘निंदु’ म्हटलंत तर ते ‘तुझं’ होईल. निघताना ‘बर्तीनि’, आपल्या ‘येते’सारखंच, नुसतं ‘जाते’ तिथेही म्हणत नाहीत.

उच्चार चुकला तर हसतील आणि दुरुस्त करतील. काहीच आठवलं नाही तर ‘अंकल, आंटी’ आणि जोडलेले हात तिन्हीकडे चालतात.