फॉरमॅट करताना अॅलोकेशन युनिट साइज किती ठेवू?

६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सगळ्या मिळून शंभर एमबीच्या बारीक फाइल्स टाकल्या तर अडीच जीबी जागा गेली. फॉरमॅट करताना काय निवडायचं?

4096 bytes निवडा. तुमचा ड्राइव्ह exFAT फॉरमॅटचा दिसतोय. युनिट म्हणजे ड्राइव्हवरच्या जागेचा सर्वांत लहान तुकडा. ३२ जीबीच्या वर विंडोज त्याला आपणहून १२८ केबीचं युनिट देतं आणि एका युनिटमध्ये दोन फाइल्स राहत नाहीत.

आमच्या ओझरच्या द्राक्षबागेतलं हवामान यंत्र दर पाच मिनिटांनी ५ केबीची फाइल टाकतं. अशा २०,००० फाइल्स म्हणजे जेमतेम १०० एमबी. पण प्रत्येकीने १२८ केबी अडवले की झाले अडीच जीबी! एका द्राक्षासाठी अख्खं क्रेट. ४ केबीच्या युनिटवर प्रत्येकीला दोन युनिटं, म्हणजे सगळ्या मिळून १६० एमबी. फोल्डरच्या Properties मध्ये Size आणि Size on disk शेजारी ठेवून बघा, फरक तिथेच कळतो.

वेगाचं म्हणाल तर मोठ्या युनिटचा फायदा लग्नाच्या व्हिडिओसारख्या मोठ्या फाइल्सना, कारण हिशेब ठेवायला तुकडे कमी. बारीक फाइल्स कॉपी करताना वेळ जातो तो प्रत्येक फाइल उघडण्या-नोंदवण्यात; युनिट मोठं केल्याने तो वाचत नाही. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढा.