सोमवारच्या चोवीस सेटचा हिशेब

«मी तीन वर्षांपासून नियमित जिम करतो. प्रत्येक स्नायूसाठी आठवड्याला नेमके किती सेट मारावेत? आमचे ट्रेनर म्हणतात, वीसच्या खाली मारले तर वाढ होणारच नाही. आणि हा आकडा किती महिन्यांनी बदलावा?»

आकडा हवा असेल तर तो आधी सांगतो. तीन वर्षे झालेल्या माणसाला बहुतेक स्नायूंसाठी आठवड्याला १० ते १६ कसदार सेट पुरतात, आणि मागे राहिलेल्या एखाद्या स्नायूला काही काळ त्याहून अधिक देता येतात. ‘वीसच्या खाली वाढ नाही’ हे विधान मात्र चूक आहे. मी ते बेळगावात, उद्यमबागेजवळच्या एका जिममध्ये, माझ्या मामेभावाच्या तोंडावर चार लोकांसमोर फेकले गेलेले ऐकले आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

मामेभाऊ मूळचा खानापूर तालुक्यातला. तो उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये कामाला आहे आणि पहिल्या पाळीच्या आधी पहाटे जिमला जातो. त्याला ट्रेनरने लिहून दिलेला सोमवारचा छातीचा कार्यक्रम असा होता: बेंच प्रेस ५ सेट, इन्क्लाइन डंबेल ४, डिक्लाइन बेंच ४, पेक डेक ४, केबल क्रॉसओव्हर ४ आणि शेवटी पुशअप ३. एकूण २४ सेट, तेही एकाच दिवशी, आणि पुढचे सहा दिवस छातीला काहीच नाही. वर्षभर त्याचे बेंच ७० किलोवर अडकले होते. त्याने वजन का वाढत नाही असे विचारले, तेव्हा ट्रेनर सर्वांसमोर म्हणाले, “तुझ्यात दमच नाही, अजून एक व्यायाम वाढव.” मुलगा मान खाली घालून पंचविसाव्या सेटकडे वळला. ते दृश्य मला अजून खटकते.

मी त्याची वही मागून घेतली आणि पुढच्या सोमवारी त्याच्या शेजारी उभा राहिलो. बेंचवर ७० किलोचे पाचही सेट त्याने १०, १०, ९, ८, ८ असे मारले. पेक डेकवर पोहोचला तेव्हा पहिले तीनही सेट नेमके १० रेपचे झाले, एकही कमी नाही. चौथ्या सेटला मी त्याला सांगितले की दहावर थांबू नकोस, हात खरोखर पुढे येईनात तोवर मार. त्याने २१ रेप मारले. म्हणजे आधीच्या तीन सेटमध्ये तो जवळजवळ निम्म्या ताकदीवर थांबत होता. यात त्याच्या दमाचा प्रश्न नव्हता. पुढे आणखी सात सेट आहेत हे ज्याला माहीत असते, तो माणूस शक्ती राखूनच काम करतो. एका आठवड्याने मी त्याला बेंचचे तीनच सेट मारायला सांगितले, तर त्याच ७० किलोवर पहिल्या सेटला १३ रेप निघाले.

आठवड्याचे प्रमाण मोजताना सगळी चूक इथेच होते. स्नायू वाढतो तो ताण सोसल्यामुळे, आणि सेटच्या शेवटच्या काही रेपमध्ये, जेव्हा वजन आपोआप हळू वर जाऊ लागते, तेव्हा स्नायूतले मोठे तंतू पूर्णपणे कामाला लागलेले असतात. म्हणून तीन-चारच्या वर रेप शिल्लक ठेवून थांबलेला सेट हिशेबात पूर्ण धरता येत नाही. वजन पुरेसे असेल आणि एक ते तीन रेप शिल्लक असताना थांबले असेल, तर तो सेट कसदार धरावा. या कसोटीला त्याच्या चोवीसपैकी दहा-बारा सेट कसेबसे उतरले असते. ट्रेनरच्या कागदावर चोवीस होते, शरीराच्या कागदावर बारा.

दुसरी गफलत आडून लागणाऱ्या सेटची आहे. प्रत्येक प्रेसमध्ये ट्रायसेप काम करतो आणि प्रत्येक रोइंगमध्ये बायसेप. आता अनेक अभ्यासक अशा आडवळणाच्या सेटला अर्धा सेट धरतात आणि व्यवहारात हा हिशेब चांगला चालतो. मामेभावाची समजूत होती की ट्रायसेपला तो आठवड्याला ९ सेट देतो. प्रत्यक्षात बेंच, इन्क्लाइन, डिक्लाइन आणि पुशअप मिळून १६ सेटचे निम्मे ८, शोल्डर प्रेसच्या ४ सेटचे २, आणि थेट ९, अशी बेरीज १९ होत होती. त्याचे कोपर सहा-सात महिने दुखत होते, त्याचे कारण मला या बेरजेत दिसले. याउलट पाठीला फक्त ८ सेट होते आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना थेट एकही नव्हता. एवढे कष्ट करणाऱ्या मुलाच्या शरीराचा अर्धा भाग उपाशी होता, आणि त्याला सांगितले जात होते की तू कमी करतोस.

मी कार्यक्रम बदलला. छातीला दोन दिवस दिले: सोमवारी बेंच ३ आणि इन्क्लाइन डंबेल ३, गुरुवारी डंबेल बेंच ३ आणि पेक डेक ३, दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटांची विश्रांती. एकूण १२. पाठीचे ८ वरून १४ केले, मांडीच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट ३ आणि लेग कर्ल ३ घातले, ट्रायसेपचे थेट सेट ६ वर आणले. ते पाहून ट्रेनर मला म्हणाले, “वजन उचलायचं सोडून कागद काय मोजायलास?” पुढे त्यांनी असेही ऐकवले की आपल्या तालमीतले पैलवान हजार हजार बैठका मारत, तेव्हा बारा सेटने काय होणार.

या युक्तिवादाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या भागात तो सगळीकडे ऐकू येतो. माझे आजोबा तालमीत वाढले आणि आनंदवाडीच्या आखाड्याचे नाव आमच्या घरात आदराने घेतले जाते. पण जोर आणि बैठका कुस्तीसाठी आहेत. लढत लांबली तरी पाय थकू नयेत, श्वास टिकावा, ही त्यांची कामे. हजार बैठकांतल्या पहिल्या कित्येक शे बैठका स्नायूला जड ताण देतच नाहीत, त्यामुळे त्या संख्येची तुलना ७० किलोच्या सेटशी करणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत टाकणे होय. पैलवानाच्या कष्टाचा दाखला देऊन नोकरदार मुलाला पंचविसावा सेट मारायला लावणे, हा त्या पैलवानाचाही मान नाही.

सुमारे तीन महिन्यांत मामेभावाचे बेंच ७७.५ किलोवर १० रेपपर्यंत आले आणि कोपराचे दुखणे थांबले. छातीचा घेर दोन सेंटीमीटरने वाढला, पण त्याला मी पुरावा मानत नाही, कारण टेप पाठीवरूनही जाते आणि पाठही वाढली होती. त्याच वजनावर वाढलेले रेप हीच आपल्यासारख्यांना उपलब्ध असलेली सर्वांत प्रामाणिक खूण आहे.

आता संशोधनाकडे येतो, कारण ट्रेनरही कधीकधी त्याचा आधार घेतात. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आठवड्याला ५ पेक्षा कमी सेटवर सरासरी ५.४ टक्के, ५ ते ९ सेटवर ६.६ टक्के आणि १० किंवा त्याहून अधिक सेटवर ९.८ टक्के वाढ दिसली. प्रमाण वाढवल्याने फायदा होतो, हे त्यातून स्पष्ट आहे. त्यांच्याच २०१९ च्या अभ्यासात, सराव असलेल्या तरुणांनी तीन गटांत आठ आठवडे व्यायाम केला आणि सर्वाधिक सेट करणाऱ्या गटाचे बहुतेक स्नायू सर्वाधिक वाढले; त्या गटाचे शरीराच्या वरच्या भागाचे सेट आठवड्याला ३० होते. तीस हा आकडा लोक तेवढा लक्षात ठेवतात. ते ३० सेट आठवड्यातल्या तीन दिवसांत विभागलेले होते, म्हणजे एका दिवशी दहाच, हे कोणी सांगत नाही. तीनही गटांची ताकद मात्र जवळजवळ सारखीच वाढली, म्हणून कमी सेट करणारा माणूस दुबळा राहतो ही समजूतही टिकत नाही.

एका दिवसात एका स्नायूला सहा ते दहा कसदार सेट झाले की पुढच्या प्रत्येक सेटचा लाभ झपाट्याने घटतो, असे माझे निरीक्षण आहे. तुमचे आठवड्याचे सेट दहाच असतील, तर ते एका दिवशी केले की दोन दिवशी, याने फारसा फरक पडत नाही. सेट पंधराच्या वर गेले की विभागणी करावीच लागते.

आकडा कधी बदलावा, याला महिन्यांचे मोजमाप नाही. झोप आणि जेवण ठीक असताना, त्याच व्यायामात तीन-चार आठवडे रेपही वाढले नाहीत आणि वजनही वाढले नाही, शिवाय पुढच्या वेळेपर्यंत तो स्नायू पूर्ण ताजा होत असेल, तर फक्त त्याच स्नायूचे दोन सेट वाढवावेत. रेप सलग दोन आठवडे घटत असतील तर उलट कमी करावेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागी माणसाच्या एका पायाला सरसकट २२ सेट दिले गेले आणि दुसऱ्याला त्याच्या आधीच्या प्रमाणापेक्षा २० टक्के अधिक. सरासरीने दुसरा पाय अधिक वाढला. तुम्ही आधी किती करत होता, हे माहीत नसताना कोणी आकडा सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, माझ्याही आकड्यावर नाही.

काही मर्यादा सांगायला हव्यात. मामेभाऊ एकच माणूस आहे, आणि काहींना १८-२० सेटच खरोखर मानवतात, हे मी नाकारत नाही. तो रात्रपाळीत असतो त्या आठवड्यांत मी त्याचे सेट तिसऱ्या हिश्शाने कमी करतो, आणि रेप टिकून राहतात. दिवसाला दोन भाकऱ्या आणि थोडी आमटी एवढ्यावर कोणी वीस सेट भरून काढू शकत नाही; प्रथिनांची बाजू कमकुवत असेल तर आधी ती सुधारा. आणि कोपर किंवा खांदा दुखत असेल तर आधी त्या सांध्यावर येणाऱ्या सर्व सेटची, अर्ध्या सेटांसह, बेरीज करा.

तुमच्या ट्रेनरशी वाद घालण्याऐवजी पुढच्या वेळी त्यांना शेजारी उभे करा. त्या दिवशीच्या पाचव्या व्यायामाचा शेवटचा सेट न थांबता मारा आणि रेप त्यांनाच मोजायला सांगा. ठरलेल्या दहाऐवजी अठरा-वीस निघाले, तर तुमच्या वीस सेटपैकी किती खरे आहेत ते त्यांनाही तिथेच कळेल.