आठवड्याभरापासून फायबर एकदम वाढवलंय, तर पोट फुगतंय आणि गॅस होतोय, बंद करू का?

बंद नका करू, निम्म्यावर आणा. फायबर लहान आतड्यात पचत नाही, ते तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले बॅक्टेरिया ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड वगैरे गॅस निघतो, म्हणजे एकदम जास्त माल गेला की गॅसही जास्तच. समजा आधी रोज १२ ग्रॅम खात होतात आणि २५ वर जायचंय, तर दर आठवड्याला ३-४ ग्रॅमच वाढवा, म्हणजे साधारण अर्धी वाटी शिजवलेलं कडधान्य किंवा सालासकट एक सफरचंद, दोन्ही एकदम नको. पोट फुगलं तर त्याच मात्रेवर अजून आठवडाभर थांबा. पाणीही वाढवा, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतो. फक्त आयबीएस हा आतड्यांचा जुनाट त्रास असेल तर हळूहळू वाढवूनही काही प्रकार सोसत नाहीत, आणि शौचातून रक्त किंवा जोरात दुखत असेल तर डॉक्टरच गाठा.