टायटल ब्लॉक आणि टेम्प्लेट: वाचकांचे प्रश्न

ऑटोकॅडमधल्या टायटल ब्लॉकवरचे प्रश्न थांबायचं नाव घेत नाहीत. बहुतेकांचं मूळ एकच आहे, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

नवीन फाइल उघडली की ती इंचात येते. दर वेळी बदलत बसायचं का? (वाई)

`acad.dwt` सोडा, `acadiso.dwt` घ्या. ती मिलिमीटरमध्ये आहे.

टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची २.५ ठेवली. आता डायमेन्शनचे आकडे मोठे करायला गेलो तर होतच नाहीत. (कराड)

स्टाइलमधली उंची ० करा. तिथे उंची बांधून ठेवली की डायमेन्शन स्टाइलमधला उंचीचा आकडा ऑटोकॅड विचारातच घेत नाही.

आम्ही टायटल ब्लॉक मॉडेलमध्येच पन्नासपट मोठा करून ठेवतो. स्केल बदललं की नवा ब्लॉक करावा लागतो. ऑफिसातले सिनियर म्हणतात, प्रिंटला Fit to paper दिलं की सगळं बसतं. खरं का? (विश्रामबाग, सांगली)

बसतं ना. स्केल तेवढं उरत नाही! हे 'बसतं' ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

घर मॉडेलमध्ये खऱ्या मापाने काढायचं आणि टायटल ब्लॉक लेआउटमध्ये, तोही कागदाच्या खऱ्या मापाने. ए३ म्हणजे ४२० × २९७. डावीकडे फायलिंगसाठी २० आणि बाकी तिन्ही बाजूंना १० सोडले की आत ३९० × २७७ उरतात. खाली टायटल ब्लॉकची ४० मिमीची पट्टी धरली, तर नकाशाला उंची मिळते २३७. आता तुमचा बंगला १८ मीटर × १२ मीटरचा आहे असं समजा. १:५० ला तो ३६० × २४० होतो. म्हणजे तीन मिलिमीटर कमी पडतात, आणि बाहेरची डायमेन्शन्स अजून धरलेलीच नाहीत. नेमका इथेच माणसाचा हात Fit कडे जातो.

खरे मार्ग दोनच. ए२ घ्या (५९४ × ४२०, आत ५६४ × ४००) किंवा १:१०० करा. टेम्प्लेटमध्ये दोन्ही लेआउट तयार ठेवा. प्रत्येकात व्ह्यूपोर्टला स्केल देऊन तो लॉक करा आणि पेज सेटअपमध्ये प्लॉट स्केल 1:1 करून सेव्ह करा. टायटल ब्लॉकमधल्या टिपा २.५ मिमी, शीर्षक ५ मिमी. मॉडेलमधला मजकूर Annotative ठेवलात की तोही कागदावर तेवढाच येतो. मग स्केल बदललं तरी ब्लॉकला हात लावावा लागत नाही.

एवढं करूनही घोळ झेरॉक्सच्या दुकानात होतो. ए२ ची पीडीएफ ए३ वर 'बसवून' दिली जाते आणि सगळं ०.७०७ पट होतं. तीन मीटरची खोली ६० ऐवजी ४२.४ मिमी येते. शीटवर १:५० छापलेलं असतं, त्यामुळे साइटवर कुणी स्केलपट्टी लावली की खोली २.१२ मीटर भरते. २.५ ची अक्षरं १.८ वर येतात, ती वेगळीच. म्हणून ब्लॉकमध्ये नुसतं १:५० नको, '१:५० (ए२)' लिहा आणि शेजारी बरोबर १०० मिमीची रेघ ठेवा. प्रिंट हातात आली की आधी त्या रेघेवर पट्टी धरा. ती ७१ भरली तर प्रिंट परत करा. 'मापे लिहिलेलीच घ्यावीत' ही ओळ ठेवाच, आणि शंका आली तर साइटवर अंदाज बांधण्यापेक्षा ज्यांनी ड्रॉइंग केलं त्यांना फोन करा.

व्हॉट्सअॅपवर पाचशे टेम्प्लेटचा संच विकत मिळतोय. घेऊ का? (इस्लामपूर)

नको. तुम्हाला लागणार दोन. बाकीच्यांतून परक्या लेअर आणि न सापडणारे फॉन्ट येतील.

ब्लॉकमध्ये 'तपासणारे' हा रकाना वाढवला. जुन्या ड्रॉइंगमध्ये तो दिसतच नाही. (मिरज)

टेम्प्लेट हा साचा आहे. त्यातून आधीच निघालेल्या फाइलींशी त्याचा संबंध उरत नाही. जुन्या फाइलीत ब्लॉकची नवी व्याख्या आणा. तरी रकाना येणार नाही, कारण ब्लॉक आधी टाकलेला आहे. मग ही कमांड द्या:

```
ATTSYNC
```

भरलेली नावं, तारखा राहतात. पण एखादं अॅट्रिब्यूट तुम्ही हाताने सरकवलेलं असेल तर ते मूळ जागी जातं. आधी फाइलची प्रत ठेवा, आणि सही झालेल्या शीटवर हा प्रयोग संबंधित इंजिनिअरना विचारल्याशिवाय करू नका.

हाच टेम्प्लेट बांधकाम परवानगीच्या नकाशाला चालेल? (सातारा)

चालणार नाही असंच धरून चला. तिथले तक्ते, रंग, सह्यांच्या जागा वेगळ्या असतात. शेजाऱ्याचा मंजूर नकाशा समोर ठेवून नक्कल करू नका. त्यानंतर नमुना बदललेला असू शकतो. तुमच्या परवानाधारक इंजिनिअरकडून सध्याचा नमुना घ्या, नगररचना कार्यालयात एकदा खात्री करा आणि त्यासाठी वेगळी `.dwt` बनवा.