पाळीच्या कळा आणि पातळ संडास

प्रश्न: पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात कळा येतात, तेव्हाच दोन-तीनदा पातळ संडासही होते. बाहेरचं काहीच खाल्लेलं नसतं. आई म्हणते पोट बिघडलंय, पण दर महिन्याला नेमकं त्याच दिवशी कसं बिघडेल?

उत्तर: तुमची शंका अगदी रास्त आहे. यात खाण्याचा दोष नाही. गर्भाशयाच्या पिशवीला कळा आणणारी रसायनंच आतड्यालाही हलवतात. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात.

मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर आहे आणि ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा तिथे जास्त नीट कळली. बाळंतपणानंतर पिशवी आवळली नाही आणि रक्तस्राव थांबेना, तर काही वेळा कार्बोप्रोस्ट नावाचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात. फ्रिजमध्ये ठेवलेली छोटीशी काचेची कुपी, तिच्यात फक्त २५० मायक्रोग्रॅम औषध. पाळीत पिशवी स्वतः जे प्रोस्टाग्लँडिन बनवते, त्याचंच हे थोडं बदललेलं रूप आहे. पिशवी दगडासारखी घट्ट होते, आणि थोड्याच वेळात ती बाई म्हणते, "सिस्टर, मला संडासला लागलंय." बऱ्याच जणींना जुलाब होतात. म्हणून आम्ही चादरीखाली जास्तीचं कापड आधीच घालून ठेवतो. औषध दिलं पिशवीसाठी, पण रक्तातून ते आतड्यापर्यंतही पोचलं. तुमच्या शरीरात दर महिन्याला हेच, पण सौम्य प्रमाणात होतं.

पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने उतरतं. तोवर आतडंही थोडं सुस्त असतं, त्यामुळे अनेकींना पाळीच्या आधी उलट बद्धकोष्ठ होतं. हार्मोन उतरलं की पिशवीचं आतलं अस्तर प्रोस्टाग्लँडिन तयार करू लागतं. ती पिशवीचा स्नायू आवळतात आणि तिथल्या रक्तवाहिन्याही आकुंचित करतात. रक्तपुरवठा कमी पडला की तीच कळ म्हणून जाणवते. यातला काही भाग रक्तात उतरतो. आतड्याच्या भिंतीतही आपल्या इच्छेवर न चालणारे तसेच स्नायू असतात, ते जोराने हलू लागतात. शिवाय आतड्यात पाणी जास्त सुटतं. पाणी शोषायला वेळच न मिळाल्याने संडास पातळ होते. मळमळ आणि डोकेदुखीही बऱ्याचदा यातूनच येते. पहिल्या ४८ तासांत या रसायनांचा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणून तिसऱ्या दिवशी पोट आपोआप शांत होतं.

माझ्या भाचीचंच सांगते. तिला मी वहीत लिहायला लावलं होतं. सकाळी सहाला कंबर भरून आली आणि डाग दिसला, सातला कळ सुरू, दहापर्यंत तीनदा संडास, शेवटची अगदी पाण्यासारखी. कळ असह्य झाल्यावर दहाला तिने गोळी घेतली आणि फारसा उपयोग झाला नाही. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम रोखते, आधीच बनलेलं मात्र काढून टाकत नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने डाग दिसताच, पोहे खाऊन लगेच गोळी घेतली. कळ सोसण्याइतकी राहिली आणि संडास एकदाच, जरा सैल झाली.

इथे एक घोळ होतो. मेफेनॅमिक ॲसिडने काहींना जुलाब होतात. गोळी घेतल्यावर संडास वाढली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीही गोळी चालू असताना थांबली नाही, तर संशय गोळीवर घ्या आणि डॉक्टरांना गोळी बदलून मागा. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर या गटातली गोळी मनाने घेऊच नका. उलट्या-जुलाबाने अंग सुकलं असेल तर आधी ओआरएसचं पाणी घ्या, कारण कोरड्या अंगावर ही गोळी किडनीला जड जाते.

आईंचंही कधी बरोबर ठरू शकतं. ताप असेल, किंवा पाळी संपली तरी जुलाब चालू असतील, तर ते खरंच पोटाचं दुखणं असू शकतं. पण पाळीतच संडासला बसताना आतून सुरी फिरल्यासारखं दुखत असेल, संडासवाटे रक्त जात असेल, किंवा दुखणं पाळीच्या कितीतरी दिवस आधीच सुरू होऊन दर महिन्याला वाढत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर आतड्यावर किंवा आसपास वाढलेलं असू शकतं, त्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. नुसत्या सोनोग्राफीत ते प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी संडासच्या वेळी काय होतं ते लाज न बाळगता, तारखांसकट सांगा.