डोमेन आणि वेबसाइट बिल्डरचं ऑटो-रिन्यूअल: आधी बिलाच्या ओळी सुट्या करा

प्रश्न: मागच्या वर्षी डोमेन आणि वेबसाइट बिल्डर मिळून दोन-अडीच हजारांत घेतलं होतं. परवा कार्डावरून दहा हजारांच्या आसपास रक्कम परस्पर कापली गेली. ना ओटीपी, ना आधी काही मेल. पैसे परत मिळतील का?

सगळे नाही, पण मोठा हिस्सा मिळू शकतो. मात्र आजच बँकेला फोन करून चार्जबॅक, म्हणजे बँकेकरवी व्यवहार उलटवून पैसे परत घेण्याची मागणी, टाकू नका. तो टाकला की बऱ्याच कंपन्या अख्खं खातं गोठवतात, आणि तुमचं डोमेन त्याच खात्यात असतं. पाटीवर, बिलबुकावर छापलेला वेबसाइटचा पत्ता त्या भांडणात अडकला, तर नुकसान दहा हजारांवर थांबत नाही. चार्जबॅक हे शेवटचं हत्यार ठेवा.

माझ्या बहिणीचा सांगलीत घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. तिची साइट मी करून दिली होती आणि कार्डही माझंच होतं. पहिल्या वर्षी डोमेनचे १९९ आणि बिल्डरचे महिना १४९ प्रमाणे १,७८८ रुपये होते, ईमेल फुकट होता. जीएसटी धरून २,३४५ रुपये झाले. दुसऱ्या वर्षी डोमेन १,३९९, बिल्डर महिना ४९९ प्रमाणे ५,९८८ आणि तोच 'फुकट' ईमेल १,१८८. जीएसटीसह १०,११८ रुपये ५० पैसे गेले. बँकेच्या मेसेजमध्ये एकच आकडा दिसतो, म्हणून सगळं एकच लूट वाटते. खात्यात जाऊन इनव्हॉइस डाउनलोड करा आणि ओळी सुट्या करून बघा, कारण प्रत्येक ओळीचा निकाल वेगळा लागतो.

डोमेनच्या ओळीवर मी भांडलो नाही. .com ची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या .com नावांची मूळ नोंदवही, चालवणारी व्हेरिसाइन कंपनी सप्टेंबर २०२४ पासून रजिस्ट्रारकडून, म्हणजे आपल्याला डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, एका डोमेनमागे वर्षाला १०.२६ डॉलर घेते, म्हणजे साधारण नऊशे रुपये. १९९ हा भाव तोट्यातला होता, गिऱ्हाईक आत ओढायला ठेवलेला. १,३९९ थोडे जास्त आहेत, पण डोमेन तर हवंच आहे, आणि नूतनीकरण झालं की ते पैसे सहसा परत करत नाहीत. तरी एक तपासा: lookup.icann.org वर आपलं डोमेन टाका आणि Registry Expiration ही तारीख बघा. पुष्कळ कंपन्या मुदत संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच पैसे कापतात. तिथे अजून जुनीच तारीख असेल, तर कंपनीने पैसे घेतलेत पण रजिस्ट्रीत पुढचं वर्ष नोंदवलेलं नाही. मग डोमेनचे पैसेही मागता येतात, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट हा तुमचा पुरावा. पण मुदत संपायच्या आत दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करण्याची तयारी असेल तरच मागा. त्यासाठी खात्यात डोमेन अनलॉक करून ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठीचा गुप्त कोड, घ्यावा लागतो, आणि ट्रान्सफरला पाच-सहा दिवस लागू शकतात.

खरी चढ बिल्डर आणि ईमेलच्या ओळींत असते, आणि परत मिळतात ते पैसेही तिथेच. वार्षिक प्लॅनला ठरावीक दिवसांत परतावा देण्याची अट पुष्कळ कंपन्या ठेवतात. ती अट नूतनीकरणालाही लागू आहे का, हे त्यांच्या परताव्याच्या पानावर नीट वाचा. मला तिसऱ्या दिवशी कळलं, म्हणून मी मुदतीत होतो. त्या दिवशी आधी साइटवरचे फोटो, मजकूर आणि ऑर्डरची यादी उतरवून घेतली, कारण बिल्डर बंद झाला की हे हाताशी राहत नाही. मग चॅटवर न बोलता मेल लिहिला: इनव्हॉइस क्रमांक, डोमेन चालू ठेवायचं आहे, बिल्डर आणि ईमेल आजच्या तारखेने रद्द करा, या दोन ओळींचे जीएसटीसह ८,४६७ रुपये ६८ पैसे मूळ कार्डावर परत करा. उत्तरात त्यांनी पुढच्या खरेदीसाठी 'क्रेडिट' देऊ केलं. ते घेऊ नका; एकदा हो म्हटलं की परताव्याचं बोलणं संपतं. मी 'मूळ कार्डावरच' एवढंच परत लिहिलं. नवव्या दिवशी पैसे आले.

आता ओटीपी का आला नाही ते. पहिल्या खरेदीच्या वेळी तुम्ही दिलेल्या ओटीपीनेच कार्डावर ई-मँडेट, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापण्याची परवानगी, नोंदवलं गेलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कापणीला १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. मँडेट ठरावीक रकमेचं किंवा कमी-जास्त होणाऱ्या रकमेचं असतं, आणि दुसऱ्या प्रकारात कमाल रक्कम लिहिलेली असते. बँकेच्या ॲपमध्ये माझं उघडलं, तर कमाल रक्कम थेट १५,०००! दोन हजारांच्या खरेदीसाठी एवढी मोकळीक मी कधी दिली, हे त्या वेळी लक्षातही आलं नव्हतं. तुमचंही उघडून बघा. यूपीआय असेल, तर ॲपमधल्या ऑटोपे यादीत सापडेल.

याच नियमात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने तुम्हाला कळवलंच पाहिजे, आणि त्यात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम आणि तारीख हवी. त्या तारखेच्या आदल्या दोन-तीन दिवसांचे मेसेज आणि मेल, स्पॅमसकट, चाळा. मला तो मेसेज सापडला, पण त्यात नाव पेमेंट गेटवेचं होतं, म्हणून मी तो वाचलाच नव्हता. त्यामुळे बँकेशी माझं भांडण उभं राहत नव्हतं. तुमच्याकडे तो खरोखरच आलेला नसेल, तर चूक बँकेची आहे आणि तक्रार लेखी बँकेकडेच करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

कंपनीने 'आठवण दिली होती' म्हटलं, तर कोणत्या मेलवर दिली ते विचारा. साइट दुसऱ्याने करून दिली असेल, तर नोंदणीत त्याचाच मेल असतो आणि आठवणी तिकडे जातात. .com साठी आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या धोरणानुसार रजिस्ट्रारने मुदत संपण्याआधी, साधारण महिनाभर आणि आठवडाभर अगोदर, दोनदा कळवायचं असतं. पण ती सूचना मुदतीची आहे. किमतीच्या वादात आयकॅन पडत नाही आणि पैसेही मिळवून देत नाही.

परतावा नाकारला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. रद्द करायचं बटणच सापडत नसेल किंवा चॅटवर फिरवत ठेवत असतील, तर त्याचे स्क्रीनशॉट जोडा. डार्क पॅटर्न, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणारी मांडणी, रोखणाऱ्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा प्रकार याच छळासाठी आहे. त्यापुढे ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

एक चूक मात्र टाळा. पैसे परत आल्यावर लोक बँकेत मँडेट रद्द करतात आणि निवांत होतात. मग पुढच्या वर्षी डोमेनचे पैसेच जात नाहीत आणि पत्ता हातचा जातो. मी आधी डोमेन दुसरीकडे हलवलं, नोंदणीत बहिणीचा स्वतःचा मेल घातला, मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण तिच्या फोनमध्ये लावली, आणि मगच जुनं मँडेट रद्द केलं.

तुमचं डोमेन .com आहे की .in, ते कळवा. .in हे निक्सी या भारतातल्या संस्थेच्या अखत्यारीत येतं आणि दोन सूचनांचं ते आयकॅन धोरण त्याला लागू नाही, त्यामुळे कंपनीला लिहायच्या मेलमधून आठवणींचा तो मुद्दा गाळावा लागेल.